विकत घेतलेले दिवस, उसने घेतलेले दिवस

एखाद्या बांधकामाची अखेरची तारीख अलीकडे ओढावयाची झाली, म्हणजे प्रकल्पव्यवस्थापनाच्या पुस्तकांत दोन मार्ग सांगितलेले आढळतात. पहिल्यास क्रॅशिंग म्हणतात. त्यात कामांचा क्रम जसाच्या तसा ठेवून, ज्या कामांवर अखेरची तारीख अवलंबून आहे त्यांच्यावर अधिक माणसे, अधिक यंत्रे, दुसरी पाळी, जादा वेळ किंवा महाग परंतु लवकर मिळणारे साहित्य लावले जाते. दुसऱ्यास फास्ट ट्रॅकिंग म्हणतात. त्यात माणसे आणि यंत्रे बहुधा तीच राहतात, परंतु एकामागून एक करावयाची कामे काही अंशी एकाच वेळी चालविली जातात, म्हणजे आराखडा पुरा होण्याआधीच पाया खणण्यास आरंभ होतो. पहिल्याने खर्च वाढतो आणि दुसऱ्याने जोखीम वाढते, एवढे एक वाक्य सांगून बहुतेक पुस्तके पुढच्या प्रकरणाकडे वळतात. हे वाक्य खोटे नव्हे. परंतु त्यातून वाचकाचा असा समज होतो, की एका मार्गाला पैसे लागतात आणि दुसरा जवळजवळ फुकट आहे, फक्त थोडे धाडस हवे. वस्तुतः क्रॅशिंगचे दिवस रोख रक्कम मोजून विकत घेतलेले असतात आणि फास्ट ट्रॅकिंगचे दिवस उसने घेतलेले असतात. व्याज दोन्हीकडे आहेच, मात्र दुसऱ्या व्यवहारात त्याचा दर कर्ज काढल्यानंतर ठरतो.

यांपैकी पहिल्या मार्गाचा हिशेब शास्त्रशुद्ध रीतीने प्रथम मांडला गेला तो अमेरिकेतील ड्यूपाँ या रसायन कंपनीत. १९५६ च्या अखेरीपासून पुढे तेथील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड कंपनीतील गणिती जेम्स केली यांनी युनिव्हॅक संगणकाच्या साहाय्याने जी पद्धती उभी केली, तिलाच आज क्रिटिकल पाथ पद्धती म्हणतात. आज आपण या पद्धतीकडे तारखा काढण्याचे साधन म्हणून पाहतो. परंतु तिच्या जनकांपुढचा प्रश्न तारखांचा नव्हता, पैशाचा होता. कारखाना उभारताना घाई करावयाची झाली, की सगळ्याच खात्यांना सरसकट जादा वेळ काम करण्याचे फर्मान सुटते. त्याऐवजी नेमक्या कोणत्या कामांवर पैसा घातला असता सर्वांत थोड्या खर्चात सर्वांत अधिक दिवस वाचतील, हे त्यांना शोधावयाचे होते. केंटकी संस्थानातील लुईव्हिल येथे ड्यूपाँचा कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागे, तो काळ या पद्धतीने सरासरी १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. पुढे मात्र या हिशेबातील खर्चाची बाजू हळूहळू गळून पडली, कारण प्रत्येक कामाचा ‘घाईचा दर’ जमविणे हे कोणत्याही कचेरीला जिकिरीचे वाटते. आणि उरली ती केवळ तारखांची जाळी. मूळ विचाराचे हे निम्मे अंग सुटल्यामुळेच आजचे बरेचसे क्रॅशिंग हे डोळे मिटून केलेले क्रॅशिंग असते, असे माझे मत आहे.

तो हिशेब कसा चालतो हे एका लहान कल्पित पुलावरून पाहणे सोयीचे होईल. समजा, एका ओढ्यावर पावसाळ्यापूर्वी पूल उभा करावयाचा आहे. पाया खोदून काँक्रीट भरण्यास ३० दिवस, त्यावर खांब उभारण्यास ४० दिवस, आणि अखेर तुळया चढवून वरचा स्लॅब ओतण्यास ३० दिवस लागतात. तुळया मात्र पायाच्या पहिल्या दिवसापासूनच बाजूच्या आवारात ओतता येतात आणि त्यांना ६० दिवस लागतात. पाया, खांब आणि स्लॅब ही मालिका १०० दिवसांची, तर तुळया आणि स्लॅब ही ९० दिवसांची. म्हणून निर्णायक मार्ग पहिला, आणि दुसऱ्याला १० दिवसांची सवड आहे. पायाचे काम दिवसाला २०,००० रुपये जादा घालून सहा दिवसांनी कमी होते; खांबांचे ३५,००० दराने आठ दिवसांनी; तुळयांचे २५,००० दराने दहा दिवसांनी; आणि स्लॅबचे ५५,००० दराने पाच दिवसांनी. याखेरीज कचेरी, देखरेख, भाड्याची यंत्रे आणि वळणरस्ता यांचा मिळून दररोज ४५,००० रुपये खर्च चालू आहे, आणि काम संपेल त्या दिवशी तो थांबणार आहे.

आता स्वस्तातले दिवस आधी घ्यावे. पायाचे सहा दिवस १,२०,००० रुपयांत मिळतात आणि दररोजच्या चालू खर्चातून २,७०,००० वाचतात. त्यानंतर खांबांचे चार दिवस १,४०,००० रुपयांत घेतले, म्हणजे काम ९० दिवसांवर येते. येथपर्यंत २,६०,००० खर्चून ४,५०,००० वाचले, म्हणजे घाई करूनही १,९०,००० रुपये पदरात पडले. परंतु ९० दिवसांवर पोचताच चित्र पालटते, कारण तुळयांचा मार्गही आता निर्णायक झालेला असतो. येथून पुढे खांबांचा एक दिवस कमी करून भागत नाही, त्याच्या जोडीला तुळयांचाही एक दिवस विकत घ्यावा लागतो, आणि त्या जोडीची किंमत ६०,००० होते; एकट्या स्लॅबचा दिवस ५५,००० ला पडतो. दोन्ही भाव ४५,००० च्या वर आहेत. म्हणजे ९० दिवस ही या पुलाची सर्वांत स्वस्त मुदत, आणि त्याच्या अलीकडचा प्रत्येक दिवस तोट्याचा. तो घ्यावयाचा तर पावसाच्या भीतीने किंवा कराराच्या दंडाने घ्यावा, काटकसरीच्या नावाखाली घेऊ नये.

ओढत नेल्यास हे काम ८१ दिवसांपर्यंत जाते, आणि तेथे कितीही पैसा ओतला तरी एक तासही सुटत नाही, कारण पाया, खांब व स्लॅब तिन्ही आपल्या किमान मर्यादेवर आलेले असतात. हिशेबाने चाललेल्या मक्तेदाराला ही ८१ दिवसांची मजल ७,७५,००० रुपयांत पडते. ज्याने पहिल्याच दिवशी सर्व खात्यांना सरसकट घाईचा हुकूम दिला, त्याला तीच मजल ९,२५,००० ला पडते. वरचे दीड लाख रुपये तुळया गरजेपेक्षा सहा दिवस आधी तयार करून त्या आवारात ऊन खात ठेवण्यात गेलेले असतात. १९ दिवसांच्या चालू खर्चाची बचत ८,५५,००० धरली, तर पहिल्याने मुदतही वाचविली आणि ८०,००० रुपयेही राखले, आणि दुसऱ्याने तेवढ्याच मुदतीसाठी पदरचे ७०,००० घातले. दप्तरात दोघांच्याही नावापुढे एकच शेरा पडतो, की काम १९ दिवस आधी पुरे झाले.

कागदावरचे हे दर सरळ रेषेत चढतात; जागेवर तसे घडत नाही. जादा वेळेची मजुरी दीडपट किंवा दुप्पट द्यावी लागते हा त्यातला उघड भाग झाला, परंतु थकलेल्या माणसाच्या हातून तासागणिक होणारे काम घटते हा झाकलेला भाग अधिक महाग पडतो. अमेरिकेतील बिझनेस राउंडटेबल या उद्योगपतींच्या संस्थेने १९८० साली बांधकामातील जादा वेळेविषयी एक अहवाल काढला. त्याचा निष्कर्ष असा, की आठवड्याला ६० तास किंवा अधिक काम सुमारे दोन महिन्यांपलीकडे चालू राहिले, तर साचलेल्या थकव्यामुळे काम इतके मागे पडते, की तेवढ्याच माणसांनी ४० तासांचा आठवडा पाळला असता तर ते याहून आधी संपले असते. म्हणजे एका मर्यादेनंतर पैसे देऊन दिरंगाई विकत घेतली जाते. माणसे वाढविण्यालाही अशीच सीमा आहे: एका खांबाभोवती चार लोहार सुखाने काम करतील, आठ जण एकमेकांच्या सळया ओलांडीत राहतील. संगणकप्रणालीच्या क्षेत्रात ही सीमा फारच लवकर येते, हे पूर्वी आयबीएममध्ये असलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात दाखविले. नव्या माणसाला शिकविण्यात जुन्याचा वेळ जातो, आणि दहा माणसांत परस्परसंबंधाच्या ४५ जोड्या असतात त्या पंधरा माणसांत १०५ होतात. त्यामुळे ‘घाईचा दर’ विचारताना, तो किती आठवड्यांसाठी आणि किती जागेत, हेही विचारलेच पाहिजे.

क्रॅशिंग बिघडू लागले आहे हे ओळखण्याची खूण सुदैवाने साधी आहे. दर घनमीटर काँक्रीटमागे किंवा दर टन लोखंडामागे किती मनुष्यतास पडले, हा आकडा दर आठवड्याला लिहून ठेवावा; खर्च ठरल्याप्रमाणे वाढत असताना हा आकडाही वाढत चालला, तर विकत घेतलेले दिवस हातात पडत नाहीत असे समजावे. दुसरी खूण सवडीच्या रकान्यात दिसते. आरंभी एक मार्ग निर्णायक होता आणि आता तीन-चार मार्ग शून्य सवडीवर आले असतील, तर त्यांपैकी कोणत्याही एकावरचा पाऊस, संप किंवा उशिरा आलेला ट्रक अखेरची तारीख हलविणार. क्रॅशिंगने केवळ खर्च वाढतो, जोखीम वाढत नाही, हा समज येथे खोटा ठरतो.

फास्ट ट्रॅकिंगची चर्चा करताना प्रथम एक भेद करणे जरूर आहे, कारण त्याच्या अभावी पुष्कळ वाद निष्फळ होतात. आपल्या पुलाचा पहिला पाया पुरा होताच, इतर पाये खणले जात असताना, त्यावरचा खांब उभारण्यास घेतला, तर तो एका अर्थी फास्ट ट्रॅकिंगच आहे; परंतु त्यात अज्ञात असे काही नाही, फक्त जागेची आणि देखरेखीची ओढाताण आहे. याउलट जमिनीच्या बोअरचा तपशील येण्याआधी किंवा वरच्या तुळयांचे वजन ठरण्याआधी पाया खणला, तर पुढचे काम अपुऱ्या माहितीवर उभे राहते. खरी जोखीम या दुसऱ्या प्रकारात आहे. तिसरा एक प्रकार फास्ट ट्रॅकिंगच्या नावाखाली चालतो, पण तो मुळात करताच येत नाही: काँक्रीटला बळ येण्यास जो काळ लागतो तो निसर्गाचा आहे, आणि त्याआधी फळ्या काढणे याला कामे एकमेकांवर चढविणे म्हणता येत नाही, अपघाताची तयारी म्हणावे लागते.

माहितीच्या या प्रश्नाची उत्तम मांडणी कृष्णन, एपिंगर आणि व्हिटनी यांनी १९९७ सालच्या एका निबंधात केली. त्यांचा विषय कारखान्यातील नव्या वस्तूंची जडणघडण हा होता, परंतु त्यांचे दोन प्रश्न बांधकामालाही तंतोतंत लागू पडतात. आधीच्या कामातून निघणारी माहिती किती लवकर स्थिरावते, हा एक. आणि ती बदलली तर पुढच्या कामाला किती मोठी इजा होते, हा दुसरा. माहिती लवकर स्थिरावत असेल आणि इजा थोडी असेल, तर कामे खुशाल एकमेकांवर चढवावी. माहिती उशिरापर्यंत डळमळत असेल आणि तिच्या प्रत्येक बदलाने तोडफोड होणार असेल, तर त्या ठिकाणी वाचविलेला प्रत्येक दिवस धोक्याचा आहे.

असे दोन्ही दोष एकत्र आले म्हणजे काय होते, याचे उदाहरण सिडनीच्या ऑपेरा हाउसने घालून दिले आहे. डेन्मार्कचे वास्तुशिल्पी यॉर्न उट्झोन यांच्या कल्पनेला १९५७ साली पहिले पारितोषिक मिळाले, आणि मार्च १९५९ मध्ये चौथऱ्याचे काम सुरू झाले. त्या वेळी छतांची शिंपलेवजा कवचे कोणत्या भूमितीने बांधावयाची हे ठरलेले नव्हते, आणि अभियंता ओव्ह अरूप यांच्या कचेरीत त्याची गणिते चालूच होती. तरीही न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री जोसेफ काहिल यांचा आग्रह असा, की लोकमत फिरण्याच्या आणि पैसा आटण्याच्या आत काम जमिनीवर दिसले पाहिजे. त्याच वर्षी काहिल वारले. १९६१ च्या आरंभापर्यंत चौथरा वेळापत्रकाच्या ४७ आठवडे मागे पडला होता. वाईट हवामान आणि पावसाच्या पाण्याचा निचरा यांच्या जोडीला, पक्के नकाशे हाती येण्याआधीच काम सुरू झाले हेही कारण होते. छताचा उलगडा पुढे गोलाच्या पृष्ठभागातून झाला, आणि त्याचे वजन ठरल्यावर असे दिसून आले, की आधी उभारलेले चौथऱ्याचे खांब ते पेलण्यास पुरेसे नाहीत. ते नव्याने बांधावे लागले. १९६३ साली उद्घाटन व्हावयाचे ते १९७३ च्या ऑक्टोबरात झाले, आणि ३५ लाख पौंडांचा, म्हणजे नंतरच्या चलनात ७० लाख डॉलरांचा, अदमास १० कोटी २० लाख डॉलरांवर गेला.

ही सगळी वाढ घाईच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कार्यक्रमातील फेरबदल, सरकार बदलल्यानंतरचे वाद, आणि १९६६ साली उट्झोन यांनी दिलेला राजीनामा यांचा त्यात मोठा वाटा आहे. काहिल यांची बाजूही सांगितली पाहिजे: थांबून आराखडा पुरा होऊ दिला असता, तर ती इमारत बहुधा झालीच नसती. अर्धवट उभे असलेले बांधकाम कोणत्याही सरकारला सोडून देता येत नाही, हे त्या मुरब्बी राजकारण्याला पक्के ठाऊक होते. राजकारण म्हणून तो फास्ट ट्रॅकिंगचा डाव यशस्वी झाला, वेळापत्रक म्हणून तो साफ फसला.

याच्या उलट न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत. तिचे बांधकाम मार्च १९३० मध्ये सुरू झाले, एप्रिलमध्ये पोलादी सांगाडा चढू लागला, आणि १ मे १९३१ रोजी १०२ मजल्यांची ती इमारत उघडली. तेथेही सर्व नकाशे पुरे होण्याआधी काम सुरू झाले होते. परंतु सांगाड्याची पद्धत परिचित, मजल्यांमागून मजले जवळपास सारखे, आणि वास्तुशिल्पी, मालक व स्टॅरेट ब्रदर्स अँड ईकेन हे बांधकामदार आरंभापासून एका टेबलाभोवती. त्यामुळे कोणता नकाशा कोणत्या तारखेला हवा हे मागे मोजत येऊन ठरविता आले. तेथे नकाशा बांधकामाच्या चार पावले पुढे चालत होता. सिडनीत बांधकाम नकाशाच्या पुढे गेले होते.

ही जोखीम रुपयांत मोजता येते, आणि मोजली पाहिजे. आपल्याच पुलाचा आराखडा संपण्यास १५ दिवस उरले असताना पाया खणण्यास घेतला असे धरू, आणि दिवसाचा भाव तोच ४५,००० ठेवू. कमाई ६,७५,००० रुपयांची. बोअरच्या तपशिलावरून पायाची खोली बदलली, तर तोडफोड व फेरकाम १० लाखांचे आणि उशीर २५ दिवसांचा, म्हणजे आणखी ११,२५,०००. एकूण नुकसान २१,२५,०००. हे घडण्याचा संभव चारांत एक असेल, तर अपेक्षित नुकसान सुमारे ५,३१,००० येते आणि घाई किंचित फायद्याची ठरते. तीनांत एक असेल, तर ते सुमारे ७,०८,००० येते आणि घाई तोट्यात जाते. इतक्या बारीक फरकावर हा निर्णय टेकलेला असतो. शिवाय सरासरीने मनाचे समाधान होते तसे पावसाचे होत नाही: वाईट डाव पडला, तर पूल मूळ तारखेच्या आधी नव्हे, उलट दहा दिवस मागे जातो, आणि ते दहा दिवस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येत असतील तर ओढ्याला पूर आलेला असतो. ज्याची अखेरची तारीख ताठ आहे, त्याने सरासरीकडे न पाहता या वाईट टोकाकडे पाहावे.

फास्ट ट्रॅकिंग घसरत असल्याची खूण खर्चाच्या वहीत फार उशिरा उमटते. ती आधी नकाशांच्या नोंदवहीत शोधावी. काम सुरू झाल्यावर जागेवर आलेल्या सुधारित नकाशांची संख्या दर महिन्याला कमी होत आहे की वाढत आहे, मक्तेदाराने विचारलेले खुलासे किती दिवस अनुत्तरित पडले आहेत, आणि ‘मंजुरीच्या अपेक्षेने’ असा शेरा मारून किती काम पुढे रेटले गेले आहे, या तीन गोष्टींवरून दोन-तीन महिने आधी अंदाज येतो. करारही तपासावा. नकाशे अपुरे असताना ठोक रकमेचा मक्ता दिला, तर न काढलेल्या रेघांची किंमत मक्तेदार आपल्या अंदाजाने लावतो, आणि प्रत्येक सुधारित नकाशाबरोबर जादा रकमेचा दावा येतो. म्हणून अशा कामांत प्रत्यक्ष खर्च अधिक ठरलेला मोबदला या पद्धतीचा करार करण्याचा शिरस्ता आहे. क्रॅशिंगमध्ये प्रश्न वेगळा असतो: घाईचा हुकूम मालकाने लेखी दिला, की मक्तेदाराने स्वतःची दिरंगाई भरून काढली, यावर जादा पैसे कोणाच्या खिशातून जाणार हे ठरते.

दोन्ही मार्ग एकत्र आणि हिशेबाने चालल्याचे एक त्यामानाने अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील ओकलंडचे आहे. २९ एप्रिल २००७ रोजी पहाटे तेथील मॅकआर्थर मेझ या रस्त्यांच्या गुंत्यावर पेट्रोलचा टँकर उलटून पेटला, आणि त्या उष्णतेने वरच्या पुलाच्या पोलादी तुळया मऊ पडून तो भाग खालच्या रस्त्यावर कोसळला. रस्ता बंद राहिल्याने होणारे नुकसान सरकारने दररोज सुमारे ६० लाख डॉलर धरले, आणि म्हणून निविदेत अशी अट घातली, की २७ जूनच्या आधीच्या प्रत्येक दिवसाला २ लाख डॉलर बक्षीस, कमाल ५० लाख, आणि उशिराला तेवढाच दंड. म्हणजे दिवसाचा भाव मालकाने आधीच जाहीर केला. आपल्या पुलाच्या हिशेबातील ४५,००० रुपयांची जागा या आकड्याने घेतली. सरकारचा अंदाज ५२ लाख डॉलरांचा असताना सी. सी. मायर्स या कंपनीने ८,६७,०७५ डॉलरांची निविदा भरली. एवढ्या रकमेत ते काम होत नव्हते हे उघड होते. मायर्सने आपला नफा बक्षिसात धरला होता. तुळया ॲरिझोनातील कारखान्यात बनल्या, जागेवर रात्रंदिवस पाळ्या चालल्या, आणि सरकारी तपासनीस कारखान्यातच जाऊन बसल्याने एरवी आठवडे घेणारी तपासणी घडाईच्या बरोबरीने उरकली. तपासणी अशी घडाईवर निर्धास्तपणे चढविता आली, कारण पूल जुन्याच जागी, जुन्याच मार्गाचा होता आणि त्याच्या आराखड्यात डळमळणारे फारसे काही उरले नव्हते. २४ मेच्या रात्री रस्ता खुला झाला, मुदतीच्या एक महिन्याहून अधिक आधी. आणि बक्षिसाची कमाल मर्यादा २५ दिवसांवरच पुरी होत असल्यामुळे, त्याअलीकडचे सगळे दिवस सरकारला एक डॉलरही न देता मिळाले.